'आय अॅम सॉरी'चं मराठी काय? साहेबांचं पत्र, काकूंचं दुःख आणि मधे अडकलेला तू

वाचकाचं पत्र

ताई, आमची कंपनी चाकणला आहे, मालक बाहेरच्या देशातले. आमच्या टूलरूमचे सिनियर मिस्त्री, सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, मागच्या आठवड्यात हार्ट अटॅकने गेले. घरी, झोपेतच. गाव कराडजवळ. गळ्यात माळ, आषाढीला रजा टाकायचे. तिकडच्या साहेबांनी काकूंना इंग्रजीत पत्र लिहून पाठवलंय आणि ते मराठीत करायचं काम एचआरने माझ्या गळ्यात मारलं, कारण काय तर 'तुझं मराठी चांगलंय'. मी शब्दाला शब्द ठेवून केलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, 'हा माणूस माफी कशाची मागतोय?' मग एचआरने नेटवरचा एक तयार मसुदा दिला, 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो' वगैरे, पण त्यात साहेबांनी लिहिलेलं काहीच उरत नाही. सही साहेबांची असणार, मग मी शब्द बदलले तर ती फसवणूक नाही का? आणि नाही बदलले तर काकूंना काय वाटेल? शनिवारी दहावा आहे. साहेबांचं पत्र, मी केलेलं मराठी आणि एचआरचा मसुदा सोबत पाठवतोय.

– अनुवादक नसलेला अनुवादक, पुणे

उत्तर

अरे, आधी तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, कारण वीस-बावीस वर्षं अनुवाद करून मला जे उशिरा कळलं ते त्यांनी एका वाक्यात पकडलं. आणि तुलाही अण्णा जवळचे होते हे पत्रातून दिसतंय, तू ते लिहिलं नाहीस तरी, त्यामुळे हे काम तुला जड जातंय ते निव्वळ भाषेमुळे नाही असं मला वाटतं.

माझाच एक अनुभव सांगते. माझे वडील गेले तेव्हा त्यांचं जिथे खातं होतं त्या एका मोठ्या संस्थेकडून मराठीत छापील पत्र आलं, 'आपल्या तोट्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत'. तोटा! आईने ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, 'बाबांचे पैसे बुडाले का गं?' नंतर आम्ही हसलो त्यावर, आजही हसतो, पण त्या दिवशी ती खरंच घाबरली होती. कुणीतरी 'लॉस' हा शब्द डिक्शनरीत पाहिला आणि पहिला अर्थ उचलून ठेवून दिला, एवढंच झालं होतं.

तुझ्याकडे नेमकं तेच झालंय. 'आय अॅम सो सॉरी फॉर युवर लॉस' याचं तू 'तुमच्या नुकसानीबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे' केलंस. मराठीत दिलगिरी ज्याच्याकडून चूक झाली तो व्यक्त करतो. रेल्वे उशिरा आली की 'दिलगीर आहोत' असं स्पीकरवर ऐकू येतं. आणि नुकसान म्हटलं की मागोमाग भरपाई येतेच. आता विचार कर, कंपनीच्या मोठ्या साहेबाची सही, वर नुकसान, दिलगीर असे शब्द, आणि अण्णा तर झोपेत गेले, कंपनीचा काही संबंधच नाही. भावकीतला एखादा जाणता माणूस ते वाचून म्हणणार, 'काहीतरी घडलंय आणि हे लपवतायत.' काकूंच्या डोक्यात तो किडा एकदा शिरला की निघणार नाही, आणि कशापायी, तर एका शब्दापायी. इंग्रजीत 'सॉरी' दोन कामं करतो, माफी मागतो आणि वाईट वाटल्याचंही सांगतो. मराठीत ही दोन कामं दोन वेगळे शब्द करतात, आपल्याला फक्त दुसरं हवंय. 'ऐकून फार वाईट वाटलं', 'धक्काच बसला', 'काय बोलावं तेच सुचेना', यातलं काहीही.

आता तुझा फसवणुकीचा प्रश्न. तू असं धरून चाललायस की शब्दाला शब्द ठेवला म्हणजे आपण प्रामाणिक आणि शब्द बदलला की बेइमान. मला हे धरून चालणंच पटत नाही. साहेबांचं पत्र मी वाचलं, त्यात दोन प्रकारची वाक्यं आहेत. एक प्रकार असा की ती वाक्यं साहेबांची नाहीतच, ती इंग्रजीची आहेत. 'आमचे विचार आणि प्रार्थना तुमच्यासोबत आहेत', 'तो आता अधिक चांगल्या जागी आहे', 'काही लागलं तर संकोच करू नका', हे तिकडे प्रत्येक जण प्रत्येक मयताला लिहितो, आपल्याकडे 'दुःखात सहभागी आहोत' लिहितो तसंच. हा रिवाज आहे आणि रिवाजाच्या जागी रिवाज ठेवला तर त्यात खोटं काही नाही. तिकडे हॅट काढतात, इकडे चप्पल काढतात, साहेब काकूंच्या दारात आले तर तू त्यांना चप्पल काढायलाच सांगशील ना, हॅट नाही.

दुसरा प्रकार म्हणजे जे फक्त या साहेबांनी फक्त या अण्णांबद्दल लिहिलंय. 2019 साली ते चाकणला आले होते तेव्हा अण्णांनी एका डायवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि खुणेने सांगितलं की यात फरक आहे, साहेबांना पटेना, मग गेज लावलं तर एका मिलिमीटरचे दोन शतांश निघाले, आणि अण्णांनी एक शब्द न बोलता आपल्या थर्मासच्या झाकणात चहा ओतून साहेबांच्या हातात दिला. हा भाग वाचताना मी थांबलेच. याला हात लावायचा नाही. यातलं नख, थर्मास, झाकण, न बोलणं, सगळं जसंच्या तसं आलं पाहिजे, कारण काकूंना ही गोष्ट बहुतेक माहीतच नसेल. अण्णा घरी येऊन असलं काही सांगणाऱ्यातले वाटत नाहीत.

तू नेमकं उलटं केलंयस बघ. जे रिवाजाचं होतं ते शब्दशः ठेवलंस आणि या गोष्टीला 'त्यांच्या कार्यकुशलतेचा मला प्रत्यक्ष अनुभव आला' असं एका ओळीत गुंडाळून टाकलंस. का रे? शोकपत्रात चहा-थर्मास बरा दिसत नाही असं वाटलं का? एचआरच्या मसुद्याचीही गोम हीच आहे. 'मृतात्म्यास चिरशांती', 'कधीही भरून न निघणारी पोकळी', 'दुःखाचा डोंगर', हे सगळं चौकातल्या फ्लेक्सवर वाचून वाचून गुळगुळीत झालंय. ते चुकीचं नाही, पण खालचं नाव बदललं की कुणालाही चालतं, आणि कुणालाही चालणारं पत्र काकूंनी का जपून ठेवावं? त्यात 'भावपूर्ण श्रद्धांजली' तर या पत्रात नकोच, कारण श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात आणि हे पत्र मागे राहिलेल्या बाईला आहे. फ्लेक्सवर, पेपरातल्या जाहिरातीत, कंपनीच्या बोर्डवर खुशाल लिहा.

अजून एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. हे पत्र काकू एकट्या बसून वाचणार नाहीयेत. पुतण्या नाहीतर मुलगा मोठ्याने वाचणार, दहा-बारा माणसं बसलेली असणार, त्यात बायका, म्हातारी माणसं. 'परदेशातल्या साहेबाचं पत्र आलंय' म्हटल्यावर दहाव्याला नदीवर कुणीतरी माइकवरसुद्धा वाचून दाखवेल, आपल्याकडे त्या दिवशी बोलणारे चार जण असतातच. म्हणजे पत्र कानाने ऐकलं जाणार. लांबलचक वाक्य, 'ज्यांनी ज्यामुळे जे' असली गुंतागुंत, जोडाक्षरांची रांग, या सगळ्यावर तो पुतण्या अडखळणार. लिहून झालं की एखाद्या आठवी-नववीतल्या पोराला मोठ्याने वाचायला दे आणि तो जिथे अडेल तिथे वाक्य तोड. यापेक्षा चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही.

आता वरपासून खाली येऊ.

सुरुवातीला साहेबांनी 'डिअर' आणि पुढे काकूंचं पहिलं नाव लिहिलंय, तू 'प्रिय' करून तसंच ठेवलंस. नको रे बाबा. इंग्रजीत डिअर वीजबिलवाल्यालाही लिहितात, मराठीत परक्या पुरुषाने बाईला 'प्रिय' लिहिलं, तेही नुसत्या नावाने, तर जमलेल्या माणसांत काकूंना मान खाली घालायला लागेल. 'श्रीमती' आणि पूर्ण नाव, खाली साधं 'नमस्कार'. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'ही नको, ते खुशालीच्या पत्राचं आहे. वर '॥ श्री ॥' घालायचं नाही, हे तुला माहीत असेल पण ऑफिसच्या मराठी टेम्प्लेटमध्ये ते आपोआप येतं म्हणून सांगते. ऑफिसचाच विषय निघाला तर जावक क्रमांक, 'विषय', 'संदर्भ' हे काही टाकू नकोस, मी अशी सांत्वनाची पत्रं पाहिलीत ज्यांच्यावर 'विषय : आपल्या पतीच्या निधनाबाबत' असं होतं.

'श्रीमती'बद्दल एक शब्द. काही जण काकूंच्या नावाआधी 'गं. भा.' लिहायला सांगतील, जुन्या पत्रिकांत असायचं ते गंगा भागीरथी. लिहू नकोस. सहा दिवसांपूर्वी सौ. असलेल्या बाईला पाकिटावरच तिचं काय गेलं ते वाचायला कशाला लावायचं? हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 साली कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, कोल्हापूर जिल्ह्यातलंच गाव, काकूंच्या गावापासून काही फार लांब नाही, तिकडच्या लोकांना हे सगळं माहीत आहे. श्रीमती सरळ आहे, कुणालाही लिहिता येतं, बस. आणि साहेबांच्या तोंडी 'काकू' किंवा 'वहिनी' घालू नकोस. तुझ्यासाठी त्या काकू आहेत, साहेबांनी त्यांना कधी पाहिलेलंही नाही, जवळीक उसनी आणली की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

मग अण्णा 'गेले' हा शब्द. तू 'मृत्यू पावले' केलंस, ते पंचनाम्यासारखं वाटतं. 'मयत' तर सरकारी कागदावर किंवा गावात 'मयताला जाऊन आलो' असं म्हणताना. मराठीत जवळच्या माणसाबद्दल आपण 'गेले' एवढंच म्हणतो आणि तेवढ्यात सगळं येतं. नावाआधी 'कै.' लावायचा तुझा विचार असेल तर थांब. तू लिहिलंयस की अण्णांच्या गळ्यात माळ होती आणि आषाढीला ते रजा टाकायचे. माळकऱ्याला कैलासवासी नाही म्हणत, वैकुंठवासी म्हणतात. मी तर म्हणते दोन्ही नको, नुसतं 'अण्णा' ठेव, साहेबांनीही इंग्रजीत अण्णाच लिहिलंय की. पण बाकीचे वाचक हे कात्रण काढून ठेवणार म्हणून सांगून टाकते. लिंगायत घरात लिंगैक्य म्हणतात, बौद्ध घरात कालकथित, मुसलमान घरात मरहूम किंवा पैगंबरवासी, ख्रिस्ती घरात ख्रिस्तवासी. आणि बौद्ध घरी 'आत्म्यास शांती' लिहायचं नाही, कारण बौद्ध धम्म आत्माच मानत नाही, तिथे ते निव्वळ अडाणीपणाचं दिसतं. घर माहीत नसेल तर 'गेले' आणि 'निधन' हे कुठेही चालतं.

'ही वॉज अ ग्रेट गाय'. यात साहेबांचं प्रेम आहे पण 'तो एक महान माणूस होता' असं केलंस की दोन्हीकडून फसतं. पहिलं म्हणजे 'तो' नाही, 'ते', हे तू बहुतेक घाईत केलंस. दुसरं म्हणजे महान आपण शिवाजी महाराजांना म्हणतो, टूलरूमच्या मिस्त्रीला महान म्हटलं की खोटं वाटतं, 'माणूस मोठा होता' म्हटलं की खरं वाटतं. 'एक' तर आधी काढ, तो इंग्रजीतून आलेला 'एक' मराठीत फार बोकाळलाय.

दोन शतांशचं काय करायचं? टूलरूममध्ये तुम्ही वीस मायक्रॉन म्हणता, साहेबांनी लिहिलेला आकडा तोच आहे. पण काकूंना मायक्रॉन काय माहीत, म्हणून 'वीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक फरक' असं कर. ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपल्या डोक्यावरचा केस माहीत असतो आणि आकडाही खोटा पडत नाही. एवढी भर घालायचा हक्क अनुवादकाला आहे. त्याहून जास्त नाही, 'सारे थक्क झाले' वगैरे तू आपल्या मनाने घालू नकोस.

'आय नो हाउ यू मस्ट फील', तुम्हाला काय वाटत असेल ते मला माहीत आहे. आपल्याकडे हे वाक्य टोचतं, 'तुला काय माहीत बाबा' असं मनात येतं. आपण उलटं बोलतो, 'तुमचं सांत्वन कोणत्या शब्दांत करावं ते समजत नाही', म्हणजे मला माहीत नाही असं कबूल करतो आणि त्यातच सहानुभूती येते. पण या वाक्यामागे साहेबांनी लिहिलंय की गेल्या वर्षी त्यांचे वडील गेले. ते सोडायचं नाही, ते त्यांचं स्वतःचं आहे. फक्त 'मला कळतं' याऐवजी 'थोडीफार कल्पना करू शकतो' असं खाली उतरव, आणि ही गोष्ट थर्मासच्या आधी आणू नकोस, नाहीतर पत्र काकूंचं न राहता साहेबांचं होतं.

'अधिक चांगल्या जागी' हे मी सरळ गाळेन. चार वर्षं अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं तर आपण हळूच 'सुटले' म्हणतो, पण धडधाकट माणूस झोपेत गेला तर घरच्यांसाठी याहून चांगली जागा कुठली? आणि 'तुम्हाला क्लोजर मिळो' याचं तू 'या दुःखातून लवकर बाहेर पडा' केलंस, सहाव्या दिवशी! तेराव्याच्या आतल्या बाईला बाहेर पड म्हणायचं नसतं रे. याच्या जागी आपला जुना रिवाज अगदी फिट बसतो, 'हे सोसायचं बळ देव तुम्हाला देवो'. प्रार्थनेचं वाक्यही त्यातच मुरतं, 'आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत' हे वेगळं लिहायला नको. इथे मात्र साहेबांना विचार. देव मानतात का, देवाचं नाव त्यांच्या सहीवर चालेल का. मानत नसतील तर 'बळ मिळो' म्हण, कुणाचं काही अडत नाही. आणि उत्साहाच्या भरात 'पांडुरंग त्यांना आपल्या चरणी ठाव देवो' लिहू नकोस, अण्णा माळकरी होते, साहेब नाहीत, तिथे खरी फसवणूक सुरू होते.

आता सगळ्यात नाजूक वाक्य, 'काही लागलं तर संकोच करू नका'. शेजाऱ्याने म्हटलं तर तो रिवाज. कंपनीच्या मोठ्या साहेबाने सहीनिशी म्हटलं तर काकूंच्या घरात ते आश्वासन होतं, 'पोराला चिकटवून घेतील असं साहेबांनी लिहून दिलंय'. साहेबांच्या मनात तसं असेल तर फारच छान, पण नसेल तर वर्षभराने हेच पत्र घेऊन तो पोरगा गेटवर उभा राहणार आणि त्याला परत पाठवायला बहुतेक तुलाच खाली पाठवतील. म्हणून उद्याच एचआरला विचार, आपण नक्की काय करू शकतो, आणि जे नक्की आहे तेवढंच एका वाक्यात लिही. मला सुचतं ते असं की कागदपत्रांसाठी काकूंना चाकणला हेलपाटे घालायला लागू नयेत, माणूस घरी जाईल. पीएफ, पेन्शन, पीएफसोबत असलेला विमा, ज्यात कमाल 7 लाखांपर्यंत मिळतात, आणि ग्रॅच्युइटी, जिला कामावर असताना माणूस गेल्यास पाच वर्षं नोकरीची अटही लागत नाही, हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. पण हे आकडे, फॉर्म, बँक पासबुकची झेरॉक्स, यातलं काहीही या पत्रात नको आणि या पाकिटात तर नकोच. ते तेरावं झाल्यावर, वेगळ्या कागदावर, समोर बसून.

शेवट. 'वॉर्म रिगार्ड्स'चं तू 'शुभेच्छांसह' केलंस. तुला आत्ता वाचूनच कसंतरी झालं असेल. 'कळावे, लोभ असावा'ही नको, 'लवकरच भेटू'ही नको. आपण भेटायला गेलो तरी निघताना 'येतो' म्हणत नाही ना, गुपचूप उठतो, पत्राचंही तसंच. 'आपल्या दुःखात सहभागी' आणि सही.

मी जुळवून पाहिलं ते असं झालं. सोमवार मी साहेबांच्या पत्रातूनच घेतलाय, बाकी तुला पटेल तसं बदल.

*श्रीमती (पूर्ण नाव) यांना,*

*नमस्कार.*

*अण्णा गेल्याचं मला सोमवारी कळलं आणि धक्काच बसला. तुमचं सांत्वन कोणत्या शब्दांत करावं ते मला समजत नाही.*

*2019 साली मी चाकणला आलो होतो, तेव्हाची एक गोष्ट मी विसरू शकत नाही. अण्णांनी एका डायवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि यात फरक आहे असं मला खुणेने सांगितलं. मला पटलं नाही. आम्ही मोजून पाहिलं. वीस मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक फरक निघाला. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि मला दिला.*

*माणूस मोठा होता. इथे सगळ्यांना त्यांची आठवण येत राहील.*

*मागच्या वर्षी माझे वडील गेले. त्यामुळे तुमच्या घरावर काय ओढवलंय याची मी थोडीफार कल्पना करू शकतो. हे सोसायचं बळ देव तुम्हाला आणि मुलांना देवो. कंपनीतले आम्ही सगळे तुमच्या दुःखात सहभागी आहोत.*

*कंपनीच्या कागदपत्रांसाठी तुम्हाला चाकणला यावं लागणार नाही. आमचा माणूस तुमच्या सोयीने घरी येईल.*

*आपल्या दुःखात सहभागी,*
*(सही)*

बघ, साहेबांच्या पत्राच्या निम्मं झालं, आणि तरी त्यांचं स्वतःचं एकही वाक्य गळलं नाही. 'कळलं', 'ओढवलंय' हे बोलीतलं ठेवलंय ते मुद्दाम. साहेबांचं इंग्रजी साधं आहे, मग मराठीत त्यांना एकदम कीर्तनकार कशाला करायचं? हेच मी परदेशातल्या नातवंडांची पत्रं आजीला मराठीत करून देणाऱ्या आईबापांनाही सांगते. पोराने लिहिलं असेल की आजोबा माझे बेस्ट फ्रेंड होते, तर बेस्ट फ्रेंडच राहू दे, त्याचं 'जिवलग सखा' करू नका, आजीला तो शब्द कळतो आणि त्यात तिला नातवाचा आवाज ऐकू येतो.

मसुदा झाला की साहेबांना फोन कर, ईमेल नको. कुठे काय बदललंय ते एकेक करून इंग्रजीत सांग. 'चांगल्या जागी' गाळलं, मायक्रॉनच्या पुढे केस घातला, मदतीचं वाक्य बांधून घेतलं, देवाचं नाव आहे. त्यांनी हो म्हटलं की तुझ्या फसवणुकीचा प्रश्न तिथेच संपतो. काही लोक म्हणतील एवढं कशाला विचारायचं, साहेबांना मराठी थोडंच कळतंय. पण विचारलंस तर होतं काय, की माणूस बोलता बोलता अजून एखादी खरी गोष्ट सांगून जातो, आणि ती थर्माससारखीच असली तर पत्रात घाल.

पाठवताना साध्या पांढऱ्या कागदावर मराठी पत्र, आणि त्यामागे साहेबांच्या सहीचं मूळ इंग्रजी पत्र, दोन्ही एका पाकिटात. मराठीच्या खाली बारीक अक्षरात 'मूळ इंग्रजी पत्राचा मराठी अनुवाद' एवढं लिही, म्हणजे साहेबाला मराठी येतं का यावर चर्चा व्हायला नको, आणि कॉलेजातली एखादी पोरगी दोन्ही शेजारी ठेवून वाचेल तेव्हा तिला थर्मास दोन्हीकडे सापडेल. कुरियरच्या भरवशावर राहू नकोस, शनिवारी दहावा आहे म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत घरात पोचायला हवं. टूलरूममधलं कुणी ना कुणी दहाव्याला जाणारच असेल, त्याला एक दिवस आधी निघायला सांग आणि पत्र त्याच्या हाती दे. वाचायची वेळ आली तर पुतण्यापेक्षा त्यानेच वाचलेलं बरं, मायक्रॉनवर तो अडणार नाही.

आणि पाठवण्याआधी आईंना एकदा परत वाचून दाखव. या वेळी त्या काय विचारतात ते मला कळव.